दोन डगरींवर हात ठेवण्यापूर्वी



आजकाल घरटी एखादा मुलगा किंवा सून नोकरीला असते. शेताचे बेभरवशाचे, म्हणून महिन्याच्या पगाराचा आधार. पण पगारही पुरत नाही आणि अंगात हुन्नर असतो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी दुसरे काम करावे असे वाटू लागते. वाटण्यात गैर काही नाही. गैर होते ते न विचारता, न सांगता केल्यामुळे. माझ्या भाच्याच्या बाबतीत हे अगदी जवळून पाहिले, म्हणून ती हकीकत तुमच्यापुढे मांडतो.

भाचा माझ्यासारखाच बी. एस्सी. अॅग्री. ठिबक सिंचनाचे संच विकणाऱ्या एका कंपनीत क्षेत्र अधिकारी आहे. प्लॉटची मोजणी करायची, आराखडा काढायचा, विक्रेत्यामार्फत संच बसवून घ्यायचा आणि पुढे शेतकऱ्याला खत-पाण्याचा सल्ला द्यायचा, हे त्याचे काम. घरी तीन एकर डाळिंब आहे. एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला, चहा निवून गेला तरी हात लावीना. मग म्हणाला, “मामा, घोटाळा झालाय. दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याला मी तीन आराखडे काढून दिले. प्रत्येकी हजार रुपये घेतले. आता आमच्या साहेबांच्या कानावर गेलं तर?”

मी त्याला एकच विचारले, “तुझी नेमणुकीची ऑर्डर कुठे आहे?” ती ट्रंकेत होती. चार पाने इंग्रजी. सही करताना याने फक्त पगाराचा आकडा वाचला होता.

ऑर्डरीत काय शोधावे

आम्ही दोघांनी ती ऑर्डर कंदिलाखाली धरावी तशी बारकाईने वाचली. अशा कागदात चार गोष्टी शोधायच्या असतात.

पहिली, पूर्णवेळ सेवेचे कलम. त्याचा मतलब असा असतो की तुम्ही सगळा कामाचा वेळ कंपनीला द्याल आणि लेखी पूर्वपरवानगीशिवाय दुसरी नोकरी, धंदा किंवा व्यवसाय करणार नाही. पुष्कळदा त्यात “मोबदला घेऊन अथवा न घेता” असे शब्द असतात. म्हणजे फुकट केले म्हणून सुटका नाही. “पूर्वपरवानगी” या शब्दाखाली रेघ ओढा. कलम काम करूच नका म्हणत नाही, आधी विचारा म्हणते. काही ऑर्डरींत मात्र परवानगीची वाटच ठेवलेली नसते, सरळ मनाई असते. दोन्हींत फरक आहे.

दुसरी, हितसंबंधांचे कलम. कंपनीशी स्पर्धा करणाऱ्याचे किंवा कंपनीच्याच गिऱ्हाइकाचे खासगी काम करून पैसे घेणे त्यात बसते.

तिसरी, गुप्ततेचे कलम. दर, गिऱ्हाइकांच्या याद्या, आराखड्याची कोष्टके बाहेर जाऊ नयेत.

चौथी, नोकरीत असताना तुम्ही तयार केलेल्या वस्तूची मालकी कोणाची. आराखडा घरी बसून काढला, पण कंपनीच्या संगणकावर काढला, तर कंपनी त्यावर हक्क सांगू शकते.

आणि ऑर्डरीत “कंपनीचे नियम लागू राहतील” असे एक वाक्य असते. ते नियमांचे पुस्तक वेगळे असते. ते मागून घेऊन वाचले पाहिजे.

भाच्याला कोणीतरी सांगितले होते की करार कायद्याचे कलम २७ असे बंधन मानतच नाही. हे अर्धे खरे आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम २७ प्रमाणे, नोकरी सोडून गेल्यावर तुम्ही त्याच धंद्यात पडू नये असे बंधन सहसा टिकत नाही. पण नोकरी चालू असतानाचे बंधन वेगळे. सेंच्युरी स्पिनिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली, नोकरीच्या मुदतीपुरते असे बंधन घालता येते, असे ठरवले. एका घरचे मीठ खात असताना त्या घराविरुद्ध काम करू नये, इतका साधा तो न्याय आहे.

चार कामे, चार ढीग

मग मी भाच्याला म्हटले, “तुझ्या मनात जेवढी कामे आहेत तेवढी कागदावर लिही.” चार निघाली. ज्वारी पाखडल्यावर ढीग लावतो तसे आम्ही ते वेगळे केले.

दुसऱ्या कंपनीच्या विक्रेत्याचे आराखडे. हे उघडच स्पर्धकाचे काम. यासाठी परवानगी मागण्यातही अर्थ नाही, ते बंदच करायचे.

आपल्याच तालुक्यातल्या बागायतदारांना पैसे घेऊन विद्राव्य खतांचे वेळापत्रक करून देणे. भाच्याला वाटत होते की हे चालेल. पण हे शेतकरी कंपनीचे गिऱ्हाईक, आणि त्यांना सल्ला देण्याचाच पगार कंपनी त्याला देते. तेच काम पुन्हा शेतकऱ्याला विकणे म्हणजे एका बैलावर दोन औतांचे भाडे. हेही नाही.

जवळच्या खासगी कृषी तंत्र विद्यालयात दर रविवारी चार तास शिकवणे. वेळ सुट्टीचा, संस्था स्पर्धक नाही, विषय ओलिताचा. हे परवानगी मागण्याजोगे.

घरची शेती. वडिलोपार्जित जमीन कसणे म्हणजे दुसरी नोकरी नव्हे. तरी तो ज्या धंद्यात आहे त्या धंद्याची खरेदी या शेतासाठी होणार, म्हणून एक ओळ लिहून कळवलेली बरी. उद्या आपल्याच शेतासाठी कंपनीचा संच सवलतीत घेतला तर बोट दाखवायला जागा राहत नाही.

एक गोष्ट येथेच सांगतो. शिकवण्याची किंवा सल्ल्याची फी हे शेतीचे उत्पन्न नव्हे. ते डाळिंबाच्या पट्टीत मिसळून करमाफ दाखवू नका. आयकराच्या विवरणात ते वेगळे दाखवावे लागते.

अर्ज कसा लिहावा

अर्ज काम स्वीकारण्यापूर्वी द्यायचा. वरिष्ठांमार्फत कर्मचारी विभागाकडे द्यायचा, आणि आपल्या प्रतीवर पोच, तारीख व सही घ्यायची. ई-मेलने दिला तर त्याची प्रत आपल्याजवळ ठेवायची. मोघम “काही खासगी काम करू इच्छितो” असे लिहिले तर साहेब संशय घेणारच. भाच्याचा अर्ज साधारण असा होता:

*“माझ्या नेमणूक आदेशातील पूर्णवेळ सेवेच्या कलमास अनुसरून हा अर्ज करीत आहे. येथील कृषी तंत्र विद्यालयात दर रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत ‘ओलीत व पाणी व्यवस्थापन’ हा विषय शिकवण्याबद्दल मला विचारणा झाली आहे. मोबदला महिना सहा हजार रुपये राहील. मुदत एक शैक्षणिक वर्ष. या कामासाठी कंपनीचे वाहन, संगणक, कागदपत्रे अथवा नाव मी वापरणार नाही. सदर संस्था कंपनीची गिऱ्हाईक नाही. पुढे झाल्यास लगेच कळवीन. रविवारी कंपनीचे तातडीचे काम निघाल्यास त्यास प्रथम स्थान देईन. माझ्या कुटुंबाची तीन एकर डाळिंबाची शेती आहे, हेही नोंदवून ठेवावे. लेखी परवानगी मिळेपर्यंत मी हे काम सुरू करणार नाही.”*

शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. उत्तर आले नाही म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या. साहेब तोंडी “कर रे, माझी हरकत नाही” म्हणाले तर त्याच संध्याकाळी “आज आपण सांगितल्याप्रमाणे” असे लिहून पाठवा. साहेबांची बदली होते. नवे साहेब तोंडी शब्द ओळखत नाहीत.

मागे झालेल्याचे काय?

खरा पेच येथेच होता. भाचा म्हणाला, “मामा, त्या तीन आराखड्यांचं गप्प बसलं तर?” मी त्याला म्हटले, “विक्रेते दहा ठिकाणी चहा पितात. तुझं नाव कधीतरी निघणारच.” अशा गोष्टी बहुधा बाजारातूनच फुटतात. दुसरी नोकरीच धरली असेल आणि तिथेही प्रॉव्हिडंट फंड कापत असतील, तर एकाच यूएएन क्रमांकावर एकाच महिन्यात दोन ठिकाणचे पैसे जमा झालेले नोंदीत दिसतात.

त्याने वेगळे पत्र दिले. तीन आराखडे, तारखा, घेतलेले तीन हजार रुपये, आणि त्यापैकी एकात कंपनीचे पाईपचे कोष्टक वापरले ही गोष्टसुद्धा. ही शेवटची ओळ लिहिताना त्याचा हात अडखळला. मी म्हटले, “तेच लिही. अर्धं सांगितलेलं लपवल्यापेक्षा वाईट.”

महिनाभराने उत्तर आले. लेखी ताकीद, त्या वर्षीची पगारवाढ रोखली आणि पुन्हा घडल्यास सेवा संपवण्यात येईल असे बजावले. त्याच पाकिटात रविवारच्या शिकवणीला एक वर्षाची परवानगी होती. पगारवाढ गेल्याचे घरात सर्वांना लागले. बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नोकरी मात्र राहिली.

सरकारी आणि कारखान्यातले नोकर

सरकारी नोकराची ऑर्डर छोटी असली तरी नियम कडक. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मधील नियम १६ प्रमाणे शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय व्यापार, धंदा वा दुसरी नोकरी करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षक व सेवकांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत. प्रसंगोपात्त लेखन, कला किंवा शास्त्रीय स्वरूपाचे काम आणि बिनमोबदल्याचे समाजकार्य नियम १६ खाली मंजुरीशिवाय करता येते, मात्र कामात हयगय होता कामा नये आणि वरून बंद करा म्हटले तर बंद करावे लागते.

“दुकान बायकोच्या नावावर आहे” ही आपली नेहमीची पळवाट. घरच्या माणसाने धंदा करायला बंदी नाही, पण तो कार्यालयाला कळवावा लागतो. आणि माझ्यासारख्याने बांधावर उभे राहून “खत आमच्या दुकानातून घ्या” म्हटले, तर तो नियमभंगच.

कारखान्यात काम करणाऱ्या मुलांनी आणखी एक ध्यानात घ्यावे. एका कारखान्यात पाळी करून लगेच दुसऱ्या कारखान्यात पाळीला उभे राहणे कायद्यालाच मंजूर नाही. तिथे मालकाची परवानगी असूनही भागत नाही. जागरणाने पेंगलेला माणूस यंत्रापुढे उभा राहिला की काय होते, हे ज्यांच्या घरात घडले त्यांना विचारा.

भाचा आता दर रविवारी शिकवायला जातो. परवानगीची मुदत संपण्याआधी दोन महिने नवा अर्ज द्यायचा, म्हणून त्याने ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर, डाळिंबाच्या बहाराच्या पाण्याशेजारी, लाल शाईने लिहून ठेवली आहे. तुमच्या घरातल्या नोकरदाराची ऑर्डर ट्रंकेत असेल तर या आठवड्यात ती काढा, आणि इंग्रजी जाणणाऱ्या कोणाला तरी जवळ बसवून शेवटच्या पानापर्यंत वाचून घ्या.