वाटणी: चावडीत, कचेरीत की कोर्टात?

वडील गेले की सातबाऱ्यावर वारसांची नावे लागतात आणि बहुतेक घरांत काम तिथेच थांबते. नावे लागली म्हणजे वाटणी झाली, असा समज असतो. प्रत्यक्षात सातबाऱ्यावर चार नावे असणे याचा अर्थ एवढाच, की जमीन चौघांची सामाईक आहे. कोणाची कोणती पट्टी, हे त्यातून ठरत नाही. त्यामुळे कर्ज काढताना, विक्री करताना किंवा विहीर खोदताना प्रत्येक वेळी बाकीच्या तिघांच्या संमतीचा प्रश्न उभा राहतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, वडिलांच्या मागे आई, दोन मुलगे आणि लग्न झालेली एक मुलगी आहे. वडिलोपार्जित जिरायत जमिनीचे दोन गट आहेत: एक दोन एकरांचा, म्हणजे ८० गुंठ्यांचा, आणि दुसरा एक एकराचा, म्हणजे ४० गुंठ्यांचा. शिवाय गावठाणात घर आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केले. त्यामुळे इथे चौघांचा हिस्सा समान, प्रत्येकी एक चतुर्थांश. बहिणीला वगळून भावाभावांनी केलेली वाटणी पुढे कधीही कोर्टात उभी राहू शकते. तिला हिस्सा नको असेल तर तिने स्वेच्छेने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. तोंडी 'मला नको' याला कागदावर काही किंमत नसते.

आता चौघे एकत्र बसले आणि ठरले: मोठ्या गटातले ४०-४० गुंठे दोघा भावांना, लहान गट पूर्ण बहिणीला आणि घर आईला. आई जमिनीतला हिस्सा घेत नाही, पण घर तिच्या नावावर होते. असा तोडगा फक्त समजुतीनेच निघतो. कोर्टाला आधी प्रत्येकाचा हिस्सा मोजून द्यावा लागतो. लहान गटाचे चार भाग केले तर प्रत्येकी दहाच गुंठे येतात. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ पासून जिरायतीचे किमान क्षेत्र २० गुंठे, तर बागायतीचे १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. अशा वेळी कोणाला जमीन आणि कोणाला पैशात भरपाई, असा मार्ग काढावा लागतो, आणि तो कुटुंबाने स्वतः काढलेला बरा.

समजुतीची वाटणी कागदावर आणण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, नोंदणीकृत वाटणीपत्र. त्यात वंशावळ, प्रत्येक मिळकतीचे वर्णन, कोणाला काय आले, चतुःसीमा, वहिवाटीचा रस्ता आणि विहिरीच्या पाण्याचा वाटा लिहून सर्व हिस्सेदार दोन साक्षीदारांसमोर सह्या करतात. सह्या झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र असते. नोंदणी शुल्क मालमत्तेच्या किमतीच्या एक टक्का, कमाल ३० हजार रुपये होते. ते शेतजमिनीच्या वाटणीपत्रापुरते माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला. घर किंवा प्लॉट असेल तर मात्र वेगळ्या झालेल्या हिश्श्यांच्या किमतीवर सुमारे दोन टक्के मुद्रांक लागतो. सर्वांत मोठा हिस्सा त्या मोजणीतून वगळला जातो.

दुसरा रस्ता तहसील कचेरीतून जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सहहिस्सेदार तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करतात. सोबत सातबारा, आठ-अ, वारस फेरफार, वाटणीचा कच्चा नकाशा आणि सर्वांचे संमतीचे प्रतिज्ञापत्र जोडायचे. नोटिसा निघतात, जबाब होतात आणि तहसीलदार आदेश देतात. वाटणी आदेशानेच झाल्यामुळे वेगळा नोंदणीकृत दस्त लागत नाही. हा रस्ता स्वस्त आहे, पण त्याला दोन मर्यादा आहेत. तो फक्त शेतसारा भरणाऱ्या जमिनीला लागू आहे, त्यामुळे उदाहरणातल्या घरासाठी वेगळा दस्त करावाच लागेल. शिवाय एकाही हिस्सेदाराने हक्काचाच वाद काढला, तर तहसीलदार तो सोडवू शकत नाहीत आणि पक्षकारांना दिवाणी कोर्टात जावे लागते.

सर्वांत मोठी फसगत होते ती स्टँप पेपरवर लिहून नोटरी केलेल्या 'वाटणीपत्रा'ची. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. स्थावर मिळकतीची वाटणी ज्या दस्ताने घडते तो नोंदवला नसेल, तर त्याच्या जोरावर हक्क सिद्ध करता येत नाही. वाटणी आधी तोंडी झाली असेल आणि नंतर फक्त तिची आठवण म्हणून टिपण केले असेल, तर त्याला नोंदणी लागत नाही, असे न्यायालये मानतात. पण टिपण खरोखर आधीच्या वाटणीचे आहे की त्यानेच वाटणी घडली, यावरच मग वर्षानुवर्षे भांडण चालते.

समजूत होतच नसेल तर वाटपाचा दावा करावा लागतो. दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार हवेत आणि कुटुंबाच्या सगळ्या सामाईक मिळकती घालायला हव्यात. एखादा वारस किंवा गट सुटला तर दाव्यात त्रुटी निघते. वकीलपत्र, वंशावळ, मृत्यूचे दाखले, सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, घराचा मिळकत उतारा, मूल्यांकन आणि कोर्ट फी ही पहिली शिदोरी. दावा चालू असताना कोणी जमीन विकू पाहत असेल तर तूर्तातूर्त मनाईचा अर्जही सोबत द्यावा.

पुष्कळ लोक निकाल लागला की काम संपले, असे समजतात. कोर्ट आधी प्राथमिक हुकूमनामा देते, ज्यात फक्त हिस्से ठरतात. त्यानंतर शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि घरासाठी कोर्ट कमिशनर नेमला जातो. मोजणी, अहवाल, हरकती आणि मग अंतिम हुकूमनामा. तो योग्य मुद्रांकावर उतरवून घ्यावा लागतो. ताबा कोणी देत नसेल तर दरखास्त करावी लागते. प्राथमिक हुकूमनाम्यानंतर पुढचे काम कोर्टाने स्वतःहून चालवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. तरीही अर्ज करून पाठपुरावा ठेवणे शहाणपणाचे.

दावा सुरू झाला म्हणजे समजुतीचे दार बंद झाले, असे नाही. तडजोडपत्र दाखल करून किंवा लोकअदालतीत तो केव्हाही मिटवता येतो. दाव्यातल्याच मिळकतींची तडजोड असेल तर तिला वेगळी नोंदणीही लागत नाही, आणि लोकअदालतीत मिटल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते.

रस्ता कोणताही असो, शेवटचे काम सारखेच आहे. तलाठ्याकडे फेरफार नोंदवायचा, नोटिशीची १५ दिवसांची मुदत जाऊ द्यायची, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्याची खात्री करायची आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून आकारफोड व पोटहिस्से पाडून घ्यायचे. नव्या सातबाऱ्यावर आपले एकट्याचे नाव आणि आपले क्षेत्र दिसेपर्यंत वाटणी पूर्ण झाली असे समजू नका. आणि दावा दाखल करण्याआधी एकदा सर्वांनी, बहिणींसह, एकत्र बसा. तिथे ठरलेले नोंदवायला महिने लागतील, तर कोर्टातून मिळायला वर्षे जातील.