उघड्यावर ठरणारी गुप्त किल्ली

मोबाइलवर बँकेचे पान उघडले की पत्त्याच्या आरंभी https असते. पान दिसण्यापूर्वीच मोबाइल आणि बँकेचा संगणक यांनी एक गुप्त किल्ली ठरवलेली असते, आणि तीही सर्वांदेखत! हे कसे?

लहान आकडे घेऊ. 7 आणि 23 सर्वांना ठाऊक आहेत. मोबाइल मनात 3 धरतो. 7 चा घन 343. त्याला 23 ने भागून बाकी 21. ही बाकी तो धाडतो. बँक मनात 4 धरते. 7 चा चौथा घात 2401, बाकी 9. ती बँक धाडते. आता मोबाइल 9 चा घन करतो : 729, बाकी 16. बँक 21 चा चौथा घात करते. बाकी तीच, 16! यावरूनच किल्ली घडते. मनातले 3 आणि 4 कोणी धाडलेच नाहीत. प्रत्यक्षात आकडे प्रचंड असतात, म्हणून चोरट्याला उलटा हिशेब जमत नाही.

पण मध्येच तोतया बसून दोघांशी वेगवेगळा हिशेब करू लागला तर? म्हणून बँक प्रमाणपत्र दाखवते. मोबाइल पाहतो : नाव पत्त्याशी जुळते का, मुदत आहे का, सही ओळखीच्या प्रमाणक संस्थेपर्यंत पोचते का. शिवाय या देवघेवीवर बँकेने केलेली सहीही तो पडताळतो. काही चुकले तर इशारा येतो. तो डावलू नये.

मालक सचोटीचा आहे का, हे मात्र यात तपासले जात नाही. बँकेसारखेच भासणारे नाव घेऊन ठकालाही खरे प्रमाणपत्र मिळते. म्हणून गुरुजींनी मुलांना सांगावे : https पाहिलेत, आता पुढचे नाव अक्षर न् अक्षर वाचा.