खजिनदार बदलताना काय मोजून घ्यावं?

देवस्थानाचा खजिनदार बदलला की नव्या माणसाच्या हाती बहुधा कपाटाच्या किल्ल्या, चेकबुक आणि ‘सगळं वहीत आहे’ हे आश्वासन येतं. वहीत असतंही, पण ती कशी वाचायची हे जुन्या खजिनदाराच्या डोक्यात असतं. तेच कार्यभार देतानाच्या टिपणात उतरायला हवं.

सुरुवात बँकेपासून. समजा, 31 मार्चला वहीप्रमाणे बँकेत 1,84,300 रुपये आहेत आणि पासबुकात 2,09,800. साडेपंचवीस हजारांचा हा फरक पाहून नवा माणूस घाबरतो. खरं तर मांडववाल्याला दिलेला 30,500 रुपयांचा चेक त्याने अजून वटवलेला नाही आणि एका भक्ताचा भरलेला 5,000 रुपयांचा चेक अजून जमा व्हायचा आहे. टिपणात या दोन ओळी तारखांसह असल्या की हिशेब जुळतो. त्या नसल्या तर नवा खजिनदार पासबुकातली रक्कम खर्चाला मोकळी समजतो आणि मांडववाल्याचा चेक परत जातो. चेकची मुदत तीन महिने. त्याने तो आणलाच नाही, तरी देणं काही फिटत नाही.

खरी मेख पावतीपुस्तकांत असते. शंभर पावत्यांचं पुस्तक, 401 ते 500, शेवटची फाडलेली पावती 463. तर 464 ते 500 या 37 कोऱ्या पावत्या मोजून द्यायच्या. रद्द पावतीची मूळ प्रत स्थळप्रतीला टाचलेली असली पाहिजे; ती नसेल तर पावती कुणाला तरी दिली गेली असंच धरावं. उत्सवात वर्गणीसाठी कार्यकर्त्यांना वाटलेली पुस्तकं हमखास विसरतात. कुठलं पुस्तक कुणाकडे आहे, हे नावानिशी लिहावं. दानपेटीला पावती नसते, म्हणून ती चारचौघांसमोर उघडून मोजणीच्या कागदावर सह्या घेतात. तो कागदही फाइलला हवा.

येणं-देणं लिहिताना एक पथ्य पाळावं. सभामंडपासाठी कुणी एक लाख ‘बोललेले’ असतात. ते पैसे हाती येईपर्यंत जमेला धरू नयेत, वेगळ्या यादीत ठेवावेत. आलेली रक्कम ‘कायम निधीसाठी’ असेल, तर देणगीदाराचं तसं पत्र जोडावं. ते नसेल तर लेखापरीक्षक ती साध्या देणगीत धरू शकतो. गाळ्यांचं थकलेलं भाडं मात्र महिन्यानिशी लिहावं. ‘बरंच बाकी आहे’ हे काही येणं नव्हे.

खजिनदार विश्वस्तही असेल, तर बदलाचा अहवाल, म्हणजे चेंज रिपोर्ट, 90 दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. बँकेतल्या सह्या बदलायला ठरावाची प्रत लागते.

टिपणावर दोघांच्या सह्या होतात. नव्या खजिनदारांना एवढीच विनंती, की रोख आणि कोऱ्या पावत्या स्वतः मोजल्याशिवाय सही करू नका. समोर गावातले कितीही मोठे दादा बसलेले असोत.