आधारच्या फोटोतली मुलगी कोण?

गेल्या महिन्यात मी एक छोटी कथा लिहिली. कथा लिहिणं हे काही माझं काम नाही. माझं पीएचडीचं काम ऑनलाइन अवतार आणि माणसाची स्वतःबद्दलची कल्पना यांच्या नात्यावर चाललंय. पण घरी कुणी "नेमकं काय करतेस गं तू?" असं विचारलं की दुसऱ्या वाक्यालाच माझी गाडी अडते. म्हणून म्हटलं, एकदा गोष्टच सांगून बघू. गाईडना वाचायला दिली, तर त्यांनी तिच्यातली एक मोठी चूक दाखवली. ती चूक समजली की या विषयातलं निम्मं संशोधन समजतं, म्हणून आजची पोस्ट.

आधी गोष्ट थोडक्यात. ऋता चिपळूणला दहावीत आहे. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही, फोटो काढताना मागच्या रांगेत उभी राहते. एका रविवारी ती व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःचा कार्टून अवतार बनवते. त्वचेचा रंग, केस, डोळे एकेक निवडत जाते. गालावरचा तीळ लावत नाही, चष्माही नाही. जांभळं जॅकेट घालते, जे तिच्याकडे खरं तर नाहीच. मग त्या अवताराचे स्टिकर तयार होतात: कमरेवर हात ठेवून उभी असलेली ऋता, खो-खो हसणारी ऋता, एक भुवई उंचावून बघणारी ऋता. ती ते मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू लागते. मैत्रिणी म्हणतात, "अगं, तू एवढी भारी आहेस होय!" महिन्या-दोन महिन्यांत ती वर्गात बोलू लागते. बोलताना तिची एक भुवई वर जाते, हे तिच्या आईच्या लक्षात येतं, तिच्या नाही.

गाईडचा प्रश्न असा होता: "बदल अवतारामुळे झाला की मैत्रिणींमुळे?"

मी गप्प. कारण दुसऱ्या शक्यतेला भक्कम पुरावा आहे. मार्क स्नायडर आणि सहकाऱ्यांचा 1977 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. अनोळखी मुलगा आणि मुलगी फोनसारख्या यंत्रणेवरून बोलणार. मुलाच्या हातात आधी एक फोटो दिला जातो, कधी सुंदर मुलीचा, कधी साध्या दिसणाऱ्या मुलीचा. फोटो पलीकडच्या मुलीचा नसतोच, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. ज्या मुलांना सुंदर फोटो मिळाला ती जास्त आपुलकीने बोलली, आणि त्यामुळे पलीकडच्या मुलीही जास्त मोकळ्या झाल्या. म्हणजे लोक जसं वागवतात तसं आपण होतो. माझ्या गोष्टीत मैत्रिणींनी "भारी आहेस" म्हटलं तिथेच सगळं घडून गेलं होतं, अवतार नुसता निमित्तमात्र.

मग अवताराचा स्वतःचा काही परिणाम असतो का? हे वेगळं काढून दाखवलं स्टॅनफर्डच्या निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी, 2007 मध्ये. युक्ती साधी होती. माणसाला व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट घालून एका खोट्या आरशासमोर उभं करायचं. आरशात दिसणारा चेहरा त्याचा नाही, दिलेला: कुणाला देखणा, कुणाला कमी देखणा. मग त्याच आभासी खोलीत दुसऱ्या माणसाशी गप्पा. गंमत अशी की त्या दुसऱ्या माणसाला हा दिलेला चेहरा दिसतच नव्हता. त्यामुळे तो कुणाला वेगळं वागवण्याचा प्रश्नच मिटला. तरीसुद्धा देखणा चेहरा मिळालेले लोक समोरच्याच्या जास्त जवळ जाऊन उभे राहिले आणि स्वतःबद्दल जास्त बोलले.

दुसऱ्या प्रयोगात चेहऱ्याऐवजी उंची बदलली. कुणी समोरच्यापेक्षा 10 सेंटिमीटर उंच, कुणी तेवढंच बुटकं. काम होतं 100 डॉलर वाटून घेण्याचं. "मला 75, तुला 25" असा उघड अन्यायाचा प्रस्ताव आला तेव्हा बुटका अवतार मिळालेल्यांनी तो उंचांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात मान्य केला. इथेही समोरच्याला उंचीतला फरक दिसत नव्हता. या परिणामाला त्यांनी नाव दिलं प्रोटिअस इफेक्ट. प्रोटिअस हा ग्रीक पुराणातला रूपं बदलणारा समुद्रदेव.

याचं स्पष्टीकरण ते डॅरिल बेम यांच्या 1972 च्या मांडणीतून देतात. आपण कसे आहोत हे आपल्याला आतून नेहमीच ठाऊक असतं असं नाही. पुष्कळदा आपण स्वतःकडे बाहेरच्या माणसासारखं बघतो आणि अंदाज बांधतो. कमरेवर हात ठेवलेली जांभळ्या जॅकेटातली मुलगी दिसते, तिच्याखाली आपलं नाव असतं, म्हणजे मी अशी असणार.

म्हणून मी गोष्ट बदलली. आता ऋता ग्रुपवर काहीच टाकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज करता येतो, ती तिथेच स्टिकर पाठवत राहते. गणित सुटलं की खो-खो हसणारी ऋता, आईशी भांडण झालं की भुवईवाली. पाहणारी एकटी तीच. खऱ्या आयुष्यात दोन्ही गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या असतात, हे मान्य. पण गोष्टीत तरी मला त्या वेगळ्या करता आल्या.

अवतार कार्टूनच का, हेही गाईडनी विचारलं. इथे मी स्कॉट मॅक्लाउड यांचा आधार घेतला. कॉमिक्सवरच्या त्यांच्या 1993 च्या पुस्तकात ते म्हणतात की चेहरा जितका साधा, तितकं त्यात स्वतःला पाहणं सोपं. बारकाव्यांनी भरलेला चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. दोन ठिपके आणि एक रेघ कुणीही असू शकतं. कल्पना मला पटते. पण ही एका चित्रकाराची मांडणी आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नाही. मी दोन्ही एका दमात सांगायचे, त्यावरून बोलणी खाल्ली आहेत.

गोष्टीतला सगळ्यात कच्चा दुवा मात्र तसाच राहिलाय: "हळूहळू". वरचे प्रयोग काही मिनिटांचे आहेत. 2020 मध्ये राबिंद्र रतन आणि सहकाऱ्यांनी 46 अभ्यास एकत्र करून पाहिले. परिणाम खरा निघाला, पण लहान ते मध्यम आकाराचा. महिनोन्‌महिने रोज तोच अवतार बघितला तर तो साचत जातो का, हे अशा प्रयोगांवरून ठरत नाही. ऋताची गोष्ट तिथे पुराव्याच्या पुढे धावते, आणि ते मला माहीत आहे.

शिवाय दिशा एकच असेल असंही नाही. टोरी हिगिन्स यांनी 1987 मध्ये मांडलं की "मी आहे तशी" आणि "मला व्हावंसं वाटतं तशी" यांतलं अंतर जाणवलं की माणूस खिन्न होतो. अवतार म्हणजे हे दुसरं रूप, रोज डोळ्यांसमोर ठेवलेलं. तो धीर देऊ शकतो, तसंच अंतरही दाखवू शकतो. म्हणून शेवटचा प्रसंग मी असा लिहिलाय.

पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून ऋता वडिलांबरोबर आधार अपडेट करायला जाते. बोटांचे ठसे होतात, डोळे होतात, फोटो होतो. केंद्रातले काका स्क्रीन तिच्याकडे वळवून विचारतात, "बघ गं बाळा, सगळं बरोबर आहे ना?" ती बघते. चष्मा, तीळ, खांदे जरा वाकलेले. क्षणभर तिला वाटतं, हा दुसऱ्याच कुणाचा फॉर्म उघडलाय. मग ती खालचं नाव वाचते.

पहिल्या मसुद्यात इथे ती रडत होती. गाईडनी ते वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं: "कशावरून?" आता ती नुसती "हो" म्हणते, आणि एक भुवई वर जाते.