दुर्बिणीतला उजळ ठिपका: एक्झिट प्युपिल

दुर्बीण उजेडाकडे रोखून हातभर अंतरावरून पाहिली, की डोळा लावायच्या भिंगात एक उजळ गोल ठिपका दिसतो. हाच एक्झिट प्युपिल. पुढच्या भिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की त्याचा व्यास मिळतो: ७×५० दुर्बिणीत सुमारे ७ मिमी, १०×५० मध्ये ५ मिमी.

अंधारात तरुण डोळ्याची बाहुली साधारण ७ मिमी उघडते. पन्नाशीनंतर बऱ्याचदा ५ मिमीच. मग ७×५० मधला कडेचा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो आणि ती महागडी दुर्बीण प्रत्यक्षात ७×३५ ठरते.

उलट, ठिपका बाहुलीहून लहान असेल तर दृश्य काळवंडते.

भर दिवसा बाहुली २-३ मिमीच असते. त्यामुळे खिशातली ८×२५ दुर्बीणही तेव्हा जवळजवळ मोठ्या दुर्बिणीइतकेच उजळ दाखवते.