नावे दोन, गोळी एकच

प्रत्येक औषधाला दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले विक्रीचे नाव आणि दुसरे औषधाचे मूळ नाव. मूळ नाव एकच असते, विक्रीची नावे मात्र डझनावारी. आपल्या लक्षात राहते ते विक्रीचे नाव, आणि पुष्कळदा तेही नाही, नुसता रंग! डॉक्टर एकच असतील तोवर रंगावर निभावते. दोन गावी दोन डॉक्टर झाले की काय होते, ते एका निवृत्त शिक्षिकेच्या उदाहरणावरून सांगतो.

या बाई साताऱ्यात मुलाकडे राहतात. वर्षातले तीन-चार महिने सांगलीला लेकीकडे असतात. मधुमेहासाठी साताऱ्याच्या एका डॉक्टरांची गोळी रोज सकाळी चालू होती. सांगलीत असताना साखर वाढलेली आढळली, म्हणून लेकीने तिथल्या डॉक्टरांना दाखवले. "सध्या काय घेता?" असे त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, "एक पांढरी गोळी." पट्टी साताऱ्यात राहिली होती, डबीत नुसत्या सुट्या गोळ्या होत्या. डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली. ही जुनीच्या जागी घ्यायची की जुनीबरोबर, हे त्यांनी सांगितले नाही आणि बाईंनीही विचारले नाही. त्या दोन्ही घेऊ लागल्या.

साताऱ्याला परतल्यावर रोज अकराच्या सुमारास घाम सुटू लागला. हात कापत, पोटात खड्डा पडल्यासारखे वाटे. उन्हाळा आहे, म्हणून सोडून दिले. एकादशीच्या दिवशी गोळ्या घेतल्या, पण पोटात फक्त चहा होता. स्वयंपाकघरात तोल गेला. मुलाने घरच्या यंत्रावर साखर मोजली, ती 54 भरली. 70 च्या खाली गेली की ती धोक्याची. मुलाने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली आणि मग उपवास मोडून खायला घातले. हे त्याने अगदी योग्य केले.

दुपारी बाईंनी दोन्ही पट्ट्या समोर घेतल्या. चंदेरी कागदावरची अक्षरे वाचता येईनात, म्हणून मोबाईलवर फोटो काढून ते मोठे केले. विक्रीची नावे निराळी, कंपन्या निराळ्या. पण 'प्रत्येक गोळीत' या अर्थाच्या इंग्रजी ओळीखाली दोन्हीकडे तेच दोन शब्द होते: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. संध्याकाळी त्या फोटो घेऊन माझ्याकडे आल्या. "डॉक्टर, हा एकच धडा दोन पुस्तकांत छापलाय की काय?" साताऱ्याच्या गोळीत ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम होते, सांगलीच्या गोळीत 2. म्हणजे रोज 3 मिलिग्रॅम पोटात जात होते.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग आपण जेवलेले असू वा नसू. त्याचा परिणाम दिवसभर टिकतो. त्यामुळे साखर खाऊन बरे वाटले तरी ती पुन्हा उतरू शकते. म्हणून मी त्या रात्री पुन्हा साखर मोजायला सांगितली, आणि दोन्ही डॉक्टरांशी फोनवर बोललो. त्यांच्या विचाराने सांगलीची गोळी बंद झाली. जुनी गोळी न्याहारीबरोबर, आणि उपवास करण्याआधी डॉक्टरांना विचारायचे, असे ठरले. अकराचा घाम थांबला.

वाचकांनी एवढे करावे. नवी पट्टी घरी आली की पहिली गोळी काढण्यापूर्वीच खिडकीच्या उजेडात तिच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा. फ्लॅश नको, कागद चमकतो. विक्रीचे नाव सोडून मूळ नाव वाचावे. 2018 पासून ते विक्रीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम आहे, पण तीन वा अधिक औषधे असलेल्या गोळ्यांना तो लागू नाही. कापून दिलेल्या पट्टीवर नाव नसेल, तर दुकानदाराकडून पाकिटावर लिहून घ्यावे. जोडगोळीत दोन नावे असतात, ती दोन्ही पाहावीत.

मात्र नावे निराळी निघाली म्हणून निश्चिंत होऊ नये. ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड ही नावे वेगळी, काम एकच. ते वाचकाला फोटोवरून कळणार नाही, डॉक्टरांना कळेल. म्हणून सगळे फोटो त्यांना दाखवावेत आणि विचारावे, "ही गोळी जुनीच्या जागी की जुनीबरोबर?" तेच नाव दोनदा दिसले, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. रोगी गुंगीत असेल, तर तोंडात काही न घालता तडक रुग्णालय गाठावे.