लागणीच्या तारखेपासून

संपादकांनी मला जुन्नर-आंबेगावकडे धाडले ते नारायणगावचा टोमॅटोबाजार पाहून येण्यासाठी. परंतु घोड नदीच्या काठच्या एका वाडीत, एका निवृत्त तलाठ्यांच्या ओसरीवर टांगलेल्या कागदाने मला असे काही अडवून धरले, की बाजार पाहण्याचे राहूनच गेले. तो कागद म्हणजे रब्बी कांद्याच्या कामांचा महिनेवार तक्ता होता. गावात या गृहस्थांना अजूनही 'भाऊसाहेब' म्हणतात, आणि कुणाच्या मोबाइलवर शेतीच्या माहितीपत्रकाचा फोटो आला, की तो माणूस सरळ त्यांच्या ओसरीवर येतो, आणि ते त्या पत्रकावरून त्याला असा तक्ता करून देतात.

या पत्रकांचा संस्थात्मक इतिहास थोडक्यात सांगता येतो. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. कांदा-लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९८ साली शेजारच्या राजगुरुनगरला आले. आणि नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र ग्रामोन्नती मंडळ चालवते. ज्ञानाचा तुटवडा या मुलखात नाही. अडचण आहे ती त्या ज्ञानाची घडी उलगडून ते शेताच्या बांधापर्यंत नेण्याची, कारण पत्रक विषयवार लिहिलेले असते, बियाणे एका रकान्यात, खत दुसऱ्यात, कीड पाठीमागे, तर शेतकऱ्याला विचारायचे असते एवढेच, की या आठवड्यात काय करू.

भाऊसाहेबांची पहिली मागणी नेहमी एकच असते : "शेवटच्या पानाचा फोटो धाडा." छपाईचे साल तिथे, तळाशी, बारीक अक्षरांत असते आणि फोटो काढणाऱ्याच्या हातून नेमके तेच कापले जाते. साल कळल्यावाचून ते फवारणीच्या ओळीला हात लावीत नाहीत. फोरेट आणि ट्रायझोफॉस ही औषधे २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहेत, पण जुनी पत्रके मात्र हातोहात फिरतच असतात. अशी नावे आढळली की ते तांबड्या पेन्सिलीने काटतात.

त्यानंतर येतात आकडे. घडीच्या रेषेवर आलेला दशांशचिन्हाचा ठिपका फोटोत नाहीसा होतो, आणि 'लिटरला ०.६ मिलि स्टिकर' याचे पाहता पाहता 'लिटरला ६ मिलि' होते. मंद उजेडात देवनागरी १ आणि ९ यांतला भेदही पुसट होतो. यावर त्यांचा शिरस्ता असा, की एकाच मात्रेची दोन ठिकाणांहून पडताळणी करावी. प्रोफेनोफॉस लिटरला १ मिलि असे वाचले, आणि त्याच पत्रकात हेक्टरी ५०० लिटर पाणी व ५०० मिलि औषध असे दिले असेल, तर आकडा जुळला. न जुळल्यास तो रकाना कोरा ठेवायचा आणि बाटलीवरचे लेबल पाहायचे. जुळलेला आकडा मग पाठीवरच्या पंपाच्या मापात उतरतो : पंधरा लिटरच्या पंपाला १५ मिलि.

खताचेही तसेच. पत्रक हेक्टरी ११० किलो नत्र सांगते, त्यातला तिसरा हिस्सा लागणीच्या वेळी आणि उरलेले दोन हिस्से तिसाव्या व पंचेचाळिसाव्या दिवशी. पण समोर बसलेल्याचे रान वीस गुंठे असते. सारा जन्म सातबाऱ्यावर घालवलेल्या या माणसाला ते गणित तोंडपाठ आहे : वीस गुंठ्यांना एका हप्त्याचे साडेसात किलोच्या आतबाहेर नत्र, म्हणजे सोळा किलो युरिया. तक्त्यात फक्त 'सोळा किलो युरिया' एवढेच उतरते.

परंतु मला सर्वांत अधिक गुंतवले ते तारखांच्या कामाने. पत्रकातले दिवस लागणीपासून मोजलेले असतात, महिन्यांपासून नव्हेत. म्हणून तक्त्याच्या माथ्यावर एक चौकट असते, 'लागणीची तारीख', आणि ती भरल्याखेरीज भाऊसाहेब खाली एक अक्षर लिहीत नाहीत. माझ्यासमोर त्यांनी एक तक्ता पुरा केला. रोप स्वाती नक्षत्र लागण्याच्या सुमारास, २० ऑक्टोबरला गादीवाफ्यावर टाकलेले. लागण १० डिसेंबरला. मग आंबवणी-चिंबवणी डिसेंबरातच. युरियाचा दुसरा हप्ता ९ जानेवारीला, तिसरा २४ जानेवारीला. ८ फेब्रुवारीला साठ दिवस भरतात, त्यानंतर नत्र बंद, नाहीतर माना जाड राहतात आणि कांदा चाळीत टिकत नाही. एकशेदहा ते एकशेवीस दिवस धरले तर काढणी ३० मार्च ते ९ एप्रिल, आणि पाणी त्याआधी दहा-पंधरा दिवस तोडायचे. शेजारच्या भावकीतल्याची लागण ५ जानेवारीची होती. त्याचा तिसरा हप्ता १९ फेब्रुवारीला गेला आणि नत्र बंद करण्याची तारीख ६ मार्चला. पत्रक एकच, बांध एकच, आणि तरी एकाचा तक्ता दुसऱ्याने भिंतीवर लावला असता तर पीक पंचेचाळीस दिवसांचे होण्याआधीच त्याने खत थांबवले असते.

फवारणीच्या ओळीत मात्र तारीख नाही. तिथे दर आठवड्याला एकच शब्द आहे : 'पाहणी'. पीकपाहणीची ही जुनी सवय त्यांनी फुलकिड्यांना लावली. त्यांनी मला रानात नेले, पातींच्या बेचक्यातली आतली पात हलक्या हाताने बाजूला केली आणि तिच्या बुडाशी दडलेली पिवळसर, सुईच्या टोकाएवढी पिल्ले दाखवली; पातीवर तोवर रुपेरी चट्टे उमटू लागले होते. वेगवेगळ्या ठिकाणची दहा रोपे मोजायची, बेरजेला दहाने भागायचे, आणि सरासरी तीसच्या वर गेली तरच पंप उचलायचा. पुन्हा फवारायची वेळ आली तर औषधाचा गट बदलायचा. "तारीख लिहिली की लोक कीड न बघताच फवारतात," ते म्हणाले. या एका रकान्यासाठी मी त्यांच्या तक्त्याला छापील पत्रकाहून श्रेष्ठ मानतो.

जिथे तक्ता हरतो तो रकाना पाण्याचा. पत्रक सांगते, थंडीत आठ-दहा दिवसांनी आणि ऊन चढल्यावर सहा-आठ दिवसांनी पाळी द्या. पण पाणी डिंभे धरणाच्या कालव्याच्या आवर्तनाने येते, आणि आवर्तनाची तारीख कांद्याचे वय विचारीत नाही. ज्या आंबेगावचे नाव तालुक्याला आहे ते मूळ गाव याच धरणाच्या पोटात गेले आणि कचेरी घोडेगावला राहिली; त्या पाण्याशी इथल्या माणसांचे नाते असे जुने आणि अवघड आहे. विहीर असली तरी वीज कित्येकदा रात्रीची, आणि उसाच्या या पट्ट्यात रात्री बिबट्याच्या भीतीने पाणी धरायला एकटा माणूस जात नाही. म्हणून भाऊसाहेब हा रकाना शाईने लिहीत नाहीत. कांदा पोसण्याचा काळ, साधारण साठ ते पंच्याऐंशी दिवसांचा, तेवढा पेन्सिलीने अधोरेखित करतात : पाणी थोडेच असेल तर ते इथे राखून ठेवायचे. ताण बसलेल्या रानावर एकदम भरपूर पाणी सोडले तर कांदा फाटतो, हेही कोपऱ्यात लिहितात. त्या दिवशी समोर बसलेल्या बाईंनी विचारले, "भाऊसाहेब, कालवा मार्चातच बंद झाला तर?" त्यावर त्यांनी बराच वेळ तक्त्याकडे पाहिले आणि म्हणाले, "मग पुढच्या साली लागण आधी धरू, ताई. यंदा माना पडायची वाट पाहायची." निम्म्या माना पडल्या की काढणी, ही खूण कुठल्याही तारखेहून विश्वासाची, आणि म्हणूनच तक्त्याच्या शेवटच्या ओळीत तारखेपुढे तीच लिहिलेली होती.

पत्रके छापणाऱ्या सर्व कार्यालयांना माझी विनंती एवढीच आहे : छपाईचे साल पहिल्या पानावर ठळक घाला, मात्रा पंपाच्या मापात आणि गुंठ्यात द्या, घडीच्या रेषेवर आकडा येऊ देऊ नका, आणि माथ्यावर लागणीच्या तारखेसाठी एक कोरी चौकट सोडा.